रक्कम रुपयांत ठेवायची की पैशांत? ऑनलाइन दुकानासाठी दोन पद्धतींची तुलना

सांगलीत हळद, तासगावचे बेदाणे किंवा घरगुती मसाले ऑनलाइन विकणारं दुकान उभं करताना डेव्हलपरला एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो. डेटाबेसमध्ये रक्कम १२५० रुपये म्हणून ठेवायची, की १,२५,००० पैसे म्हणून? निर्णय किरकोळ दिसतो. पण विसरभोळेपणामुळे ग्राहकाकडून चुकीची रक्कम कापली जाणार की आपल्याला वेळीच कळणार, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

गोंधळाचं मूळ पेमेंट गेटवेमध्ये आहे. रेझरपे, फोनपे आणि स्ट्राइप रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात मागतात, म्हणजे भारतात पैशांत. कॅशफ्री आणि पेयू रुपयांत मागतात. रुपयांत घेणारी गेटवे सोडून पैशांत घेणारी लावली आणि रकमेची ओळ तशीच राहिली, की घोळ सुरू होतो.

समजा, बेदाणे ८४० रुपये, हळद ३२० आणि कुरिअर ९०, असे मिळून १२५० रुपये झाले. कोडने गेटवेकडे `amount: 1250` पाठवलं. गेटवेच्या लेखी ही रक्कम साडेबारा रुपये. ग्राहकाच्या यूपीआय ॲपवर ₹१२.५० दिसतं, तो पिन टाकतो, पेमेंट यशस्वी होतं आणि माल कुरिअरला जातो. कुठेही एरर नाही. स्वाक्षरीची तपासणीसुद्धा पार पडते. रेझरपेची स्वाक्षरी ऑर्डर आयडी आणि पेमेंट आयडी यांच्यावरून बनते, त्यात रक्कम नसतेच. स्वाक्षरी जुळली म्हणजे पैसे बरोबर आले, असं अनेकजण धरून चालतात, तसं नाही.

एक खूण मात्र हमखास सापडते. रेझरपेवर किमान रक्कम एक रुपया, म्हणजे १०० पैसे आहे. त्यामुळे ८० रुपयांचं मसाल्याचं पाकीट घेणाऱ्याची ऑर्डर अडते, कारण ती ८० पैशांची ठरते. १२४९.५० सारखी रक्कमही अडते, कारण तिथे पूर्णांकच लागतो. म्हणजे शंभर रुपयांखालच्या आणि सुट्या पैशांच्या ऑर्डरी फेल होतात, बाकीच्या सुरळीत जातात. अशी तक्रार आली तर नेटवर्कला दोष देण्याआधी एककाकडे बघा.

आता दोन्ही पद्धती बघू. पहिलीत डेटाबेसमध्ये रक्कम रुपयांत, `DECIMAL(10,2)` अशी राहते आणि गेटवेला पाठवताना तिचे पैसे केले जातात. दुकानदाराला ही सोयीची. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याचा हिशेबनीस एक्सेल उघडतो तेव्हा १२५० म्हणजे १२५०च असतात, टॅलीत आकडे घेताना काही करावं लागत नाही. अडचण अशी की रूपांतर विसरलं तर ते पडद्यावर दिसत नाही. साइटवर ₹१२५०, बिलावर ₹१२५०, ॲडमिन पॅनलवरही ₹१२५०. चूक फक्त गेटवेकडे जाणाऱ्या विनंतीत असते आणि ती बँकेत जमा रक्कम बघितल्यावर उघडी पडते.

दुसऱ्या पद्धतीत सगळीकडे पैसे, पूर्णांकात. रुपये फक्त दाखवताना. इथे भागाकार विसरला तर बेदाण्याच्या पाकिटावर ₹८४,००० अशी किंमत दिसते आणि साइट उघडणारा पहिलाच माणूस बोंब मारतो. माझा कल या पद्धतीकडे आहे तो याचसाठी. माणूस विसरणारच, चूक त्याच्या डोळ्यांसमोर यावी, ग्राहकाच्या खात्यात जाऊ नये.

पण या पद्धतीलाही उघडी बाजू आहे. यूपीआयचा क्यूआर स्वतः बनवत असाल तर त्याच्या लिंकमधला `am` रुपयांत असतो. तिथे भागाकार राहिला तर २५० रुपयांच्या हळदीसाठी २५,००० चा क्यूआर तयार होतो. यूपीआयची नेहमीची एका व्यवहाराची मर्यादा एक लाख आहे, त्यामुळे ती इथे वाचवत नाही.

पहिल्या पद्धतीत गुणाकाराचाही प्रश्न आहे. जावास्क्रिप्टमध्ये `19.99 * 100` चं उत्तर १९९९ येत नाही, `1998.9999999999998` येतं. त्यावर `parseInt` लावलं की एक पैसा गळतो, जीएसटीनंतरच्या बेरजा जुळत नाहीत आणि महिन्याअखेरीस कोणीतरी तासन्‌तास तो पैसा शोधत बसतं. म्हणून रूपांतर एकाच ठिकाणी, गोल करून:

```js
function toPaise(rupees) {
  const p = Math.round(Number(rupees) * 100);
  if (!Number.isSafeInteger(p) || p < 100) {
    throw new Error("amount");
  }
  return p;
}
```

फंक्शन एकच असलं तरी ते दोनदा लागू शकतं, एकदा कार्टमध्ये आणि एकदा गेटवेच्या ओळीत. मग १२५० चे सव्वा लाख होतात आणि यूपीआयवर बहुतेक अडतात. ४५० चे ४५,००० मात्र निघून जाऊ शकतात. `amount` असं मोघम नाव न देता `amount_paise` किंवा `amount_rupees` लिहिलं तर हे वाचतानाच लक्षात येतं. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत घ्या, ही सवय मी अनिवार्य मानतो.

मग कोणी काय निवडावं? दुकान नवीन असेल तर पैसेच ठेवा. दुकान काही वर्षं चालू असेल आणि जुना हिशेब, रिपोर्ट, बिलं सगळं रुपयांत असेल, तर डेटाबेस हलवू नका. गेटवेच्या सीमेवर वरचं फंक्शन बसवा. अर्ध्या ओळी रुपयांत आणि अर्ध्या पैशांत असलेला एकच रकाना, यापेक्षा वाईट काही नाही, कारण १२५० ही कोणती रक्कम हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. हलवायचंच असेल तर नवीन रकाना काढून त्यात भरा. जुन्याच रकान्यावर शंभराने गुणणारी स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली, तर आकडे दहा हजारपट होतात.

दोन्ही पद्धतींत वेबहुकवर एक तुलना लागतेच: आलेली रक्कम आणि अपेक्षित रक्कम. यात एक सापळा आहे. अपेक्षित रक्कम गेटवेच्या ऑर्डरमधून घेतली तर १२५० ला १२५० जुळतात आणि साडेबारा रुपये बरोबर ठरतात. अपेक्षित रक्कम कार्टमधल्या वस्तूंवरून, सर्व्हरवर पुन्हा मोजूनच घ्यायची. जुळली नाही तर ऑर्डर थांबवायची, माल पाठवायचा नाही.

चूक होऊन गेली असेल तर दोन बाजूंचं ओझं सारखं नसतं. कमी कापलेली रक्कम मागून ओढता येत नाही; ग्राहकाला फोन करून उरलेल्या १२३७.५० रुपयांची पेमेंट लिंक पाठवावी लागते, आणि तो नाही म्हणू शकतो. जास्त कापलेली परत करता येते, पण रिफंडची रक्कमसुद्धा पैशांतच जाते. ४५० ऐवजी ४५,००० कापले गेले असतील तर ४४,५५० रुपये परत द्यायचे, म्हणजे `4455000`. घाईत `44550` लिहिलं तर ग्राहकाला ४४५.५० रुपयेच मिळतात, आणि आधीच चिडलेल्या माणसाला पुन्हा समजवावं लागतं. रेझरपेवर रक्कम लिहिलीच नाही तर पूर्ण रिफंड होतो.

माल परदेशात पाठवायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कुवेती दिनाराचे हजार फिल्स होतात आणि जपानी येनला पेमेंटमध्ये लहान एककच नाही, म्हणून शंभर हा आकडा कोडमध्ये ठोकून ठेवू नका, चलनानुसार घ्या.

लाइव्ह करण्याआधी ९९ रुपयांची आणि १०१.५० रुपयांची खरी ऑर्डर स्वतःच्या फोनवरून करा. ९९ वाली अडली तर रुपये तसेच जात आहेत. १०१.५० च्या वेळी ॲपवर ₹१०,१५० दिसले तर गुणाकार दोनदा होतोय. पिन टाकू नका.