घरघंटीचं ताजं पीठ आणि मैदा : पोळीच्या बाजूने लिहिलेला अनुभव

घरघंटी घेऊन आता वर्ष होत आलं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तिच्यावर निघाला, त्यामुळे काही सांगण्याइतका वापर झाला आहे असं वाटतं. यंत्राच्या कंपनीबद्दल मी लिहिणार नाही. बाजारातली बहुतेक यंत्रं सारखीच चालतात. आत स्टीलच्या कोठीत पाती फिरतात, गहू आपटून फुटतो आणि जाळीतून पीठ खाली पडतं. मला लिहायचं आहे ते त्या पिठाबद्दल. घरात दोन पोळीचे डबे सकाळी सातला भरले जातात आणि दुपारी एकनंतर उघडतात. त्यामुळे तव्यावरची गरम पोळी कशी लागते यापेक्षा डब्यातली पोळी सहा तासांनी कशी असते, याला आमच्याकडे जास्त महत्त्व आहे.

सुरुवात मैद्यापासून करते, कारण आमच्या ओळखीतल्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या मऊ आणि पांढऱ्या दिसाव्यात म्हणून कणकेत मैदा मिसळतात, आणि मलाही तसं करायचा सल्ला मिळाला होता. म्हणून एका संध्याकाळी दोन्ही पिठं वेगवेगळी मळून बघितली. 200 ग्रॅम घरचं पीठ आणि 200 ग्रॅम मैदा घेतला. दोन्हीत चिमूटभर मीठ आणि एकेक चमचा तेल घातलं. मैद्याने साधारण 115 मिली पाणी घेतलं आणि दोन मिनिटांत गुळगुळीत गोळा तयार झाला. घरच्या पिठाला 140 मिलीच्या आसपास पाणी लागलं, आणि तरी सुरुवातीला कणीक खरखरीत होती, बोटांना कोंडा जाणवत होता. झाकून अर्धा तास ठेवल्यावर तोच गोळा मऊ झाला. कोंडा पाणी पितो, पण सावकाश पितो. मळल्या मळल्या पोळ्या लाटायला घेतल्या तर ताज्या पिठाची पोळी काठाला चिरते आणि दोष पिठाला जातो. ताजं पीठ वापरणाऱ्याने हा अर्धा तास सोडू नये, एवढं मी अगदी ठामपणे सांगेन.

मैद्याची पोळी लाटताना सारखी आक्रसत होती. लाटणं उचललं की परत आत येत होती. मैद्यात ग्लूटेनचं जाळं अखंड तयार होतं, त्याला मध्ये कापणारं काही नसतं. तव्यावर ती टम्म फुगली आणि गरम असताना खरंच छान लागली. घरच्या पिठाची पोळी सहज लाटली गेली, फुगली मात्र थोडी कमी, कारण कोंड्याचे कण त्या जाळ्याला जागोजागी छेदतात आणि वाफ निसटते. दोन्ही पोळ्या एकाच डब्यात, वेगवेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. दुपारी मैद्याची पोळी वातड झाली होती, एका हाताने तुटत नव्हती, दोन्ही हातांनी ओढावी लागत होती. घरच्या पिठाची पोळी गार होती, पण घास सहज मोडत होता. जास्त पाणी पोटात घेतलेली कणीक ते पाणी डब्यातही धरून ठेवते. त्या दिवसानंतर मैदा मिसळायचा विषय आमच्या घरी संपला.

आता कोंडा आणि अंकुर यांच्याबद्दल, कारण पुढचा सगळा फरक तिथून येतो. गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण 83 टक्के पांढरा गर असतो, 14 टक्क्यांच्या आसपास कोंडा आणि जेमतेम 2 ते 3 टक्के अंकुर. मैदा म्हणजे फक्त तो गर. मैद्याच्या मोठ्या गिरणीत दाणा आधी पाण्याने ओलवून ठेवतात. त्याने साल चिवट होते आणि गर भुसभुशीत होतो. मग लोखंडी रुळांच्या जोड्यांमधून दाणा उघडला जातो, गर खरवडला जातो आणि पुन्हा पुन्हा चाळला जातो. साल चिवट असल्यामुळे मोठ्या पापुद्र्यांत निघते. अंकुर तेलकट असतो, तो रुळाखाली पीठ होत नाही, चपटा होतो आणि चाळणीवर राहतो. तिथेच तो वेगळा काढला जातो. एकोणिसाव्या शतकात ही रुळांची पद्धत बुडापेस्टच्या गिरण्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरात आणली आणि तिथून ती जगभर पसरली.

आपल्या जात्यात, दगडी चक्कीत किंवा घरघंटीत असं वेगळं करणं शक्यच नाही. तिथे अंकुर गरासोबतच चिरडला जातो आणि त्याचं तेल सगळ्या पिठात पसरतं. म्हणूनच ताज्या पिठाला तो गोडसर वास असतो. यातून आणखी एक गोष्ट निघते. घरी चाळणीने चाळलं की कोंड्याचा काही भाग जातो, अंकुर जात नाही. मी एक किलो पीठ आमच्या नेहमीच्या चाळणीने चाळून कोंडा तोलला, तो 60 ग्रॅमच्या जवळपास भरला. म्हणजे दाण्यातल्या कोंड्याचा निम्म्याहून जास्त भाग बारीक होऊन पिठातच राहिला होता. चाळून पोळ्या केल्या म्हणजे मैदा खाल्ला, असं ज्यांना वाटतं त्यांनी निश्चिंत राहावं. तरी मी रोजच्या पोळीसाठी चाळत नाही. तंतुमय पदार्थांचा हिशोबच तसा आहे. 100 ग्रॅम गव्हाच्या पिठात ते साधारण 11 ग्रॅम, मैद्यात 3 ग्रॅमच्या आत. ब जीवनसत्त्वांचाही बराचसा भाग कोंड्यात, त्याच्या आतल्या थरात आणि अंकुरात असतो, तो मैद्यासोबत येत नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र ताज्या पिठाच्या पोळ्या मोजून खाव्यात. कोंडा इतका बारीक दळल्यावर साखर चढायचा वेग फार मंदावतो असं धरून चालू नये.

टिकण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याच मुद्द्यावर लोक घरघंटीबद्दल निराश होतात. अख्ख्या दाण्यात अंकुरातलं तेल आणि कोंड्यातली ते तेल फोडणारी विकरं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दळलं की भिंती तुटतात आणि दोन्ही एकत्र येतात. त्या क्षणापासून पीठ हळूहळू खवट व्हायला लागतं. मैद्यात अंकुरही नाही आणि कोंडाही नाही, म्हणून तो कोरड्या डब्यात कित्येक महिने तसाच राहतो. ज्यामुळे ताजं पीठ चवीला चांगलं लागतं, त्याच तेलामुळे ते खराब होतं. हे दोन्ही एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, फक्त दळण्याचा वेळ आपल्या हातात असतो.

एप्रिलमध्ये मी एकाच दळणाचे दोन भाग केले. एक ओट्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत, दुसरा फ्रीजमध्ये. ओट्यावरच्या पिठाचा गोड वास दोनेक आठवड्यांत गेला. महिना उलटल्यावर पोळी खाल्ल्यानंतर घशाशी किंचित कडवटपणा राहू लागला. फ्रीजमधलं पीठ तेव्हाही व्यवस्थित होतं. खवटपणा ओळखायची माझी पद्धत अशी : चमचाभर पीठ तळहातावर घ्यायचं, कोमट पाण्याने कालवायचं आणि लगेच वास घ्यायचा. कोरड्या पिठात न जाणवणारा वास पाणी लागल्यावर उघडा पडतो. जुन्या तेलासारखा किंवा ऑइल पेंटसारखा वास आला तर ते पीठ पोळीला घेऊ नये. चिमूटभर जिभेवर ठेवूनही कळतं, कडवटपणा जरा उशिराने येतो. फ्रीजमधलं पीठ वापरताना डबा बाहेर काढून बंदच ठेवावा आणि त्याचा गारवा जाऊ द्यावा, नाहीतर हवेतली वाफ पिठावर बसते आणि गुठळ्या होतात.

म्हणून आता साठवण गव्हाची करायची, पिठाची नाही, हे आमचं ठरलं आहे. मे महिन्यात ऊन दाखवलेला गहू पिंपात वर्षभर राहतो आणि आठ-दहा दिवस पुरेल एवढंच दळण निघतं. दोन किलो दळायला पंधरा-वीस मिनिटं जातात. दळणाआधी दाणा दाताखाली फोडून बघते. कट्‌ असा आवाज आला तर कोरडा आहे. पावसाळ्यात दाणा मऊ दबला तर आधी पंख्याखाली पसरते, कारण ओलसर गव्हाने जाळी चोंदते, पीठ तापतं आणि डब्यात लवकर कुबट होतं. दळून झाल्यावर पीठ कोमट असतं. ते परातीत पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरत नाही. किड्यांच्या बाबतीत मात्र मैद्याला काही वेगळं संरक्षण नाही. पावसाळ्यात मैद्याच्या उघड्या पाकिटातही पोरकिडे होतात, आणि त्याच्या टिकाऊपणावर भरवसा ठेवून पाकीट मागे पडलेलं असतं, त्यामुळे ते उशिरा लक्षात येतात.

जाळीबद्दल एक सांगते. सोबत आलेल्या जाळ्यांतली सगळ्यात बारीक जाळीच पोळीसाठी घ्या. त्यापुढची जाडसर जाळी लावली की कोंड्याचे मोठे तुकडे राहतात, पोळीला बारीक भोकं पडतात आणि ती फुगत नाही. जाड पीठ आम्ही लाडवाला आणि धिरड्यांना वापरतो, तिथे ते उत्तम.

घरघंटीची एक मर्यादाही आहे. कोपऱ्यावरच्या दगडी गिरणीतून आणलेल्या पिठाची पोळी आजही माझ्या घरघंटीच्या पोळीपेक्षा किंचित मऊ होते. दगडांच्या मध्ये गहू दाबून घासला जातो, त्यात गरातल्या पिष्टाचे कण जास्त फुटतात आणि फुटलेलं पिष्ट जास्त पाणी घेतं. पात्यांच्या आपटण्याने तेवढं होत नाही. गिरणी जवळ असेल, गिरणीवाला आधीचं दळण निघून गेल्यावर आपलं घालत असेल, तर नुसत्या मऊ पोळीसाठी यंत्र घ्यायची गरज नाही. थोडं थोडं दळण वारंवार घेऊन जा, एवढं पुरतं. आमच्याकडे गिरणी लांब होती आणि एका वेळी पाच किलोच्या आत दळून मिळत नसे, म्हणून यंत्र घेतलं.

मैदा घरात अजून आहे. चिरोट्यांना, नानखटाईला मला तोच लागतो, आणि पुरणपोळीला मी वस्त्रगाळ केलेल्या घरच्या पिठात एक चतुर्थांश मैदा घालते, कारण पुरण भरून पातळ लाटताना पारी ताणली गेली पाहिजे, फाटता कामा नये. ती पोळी तुपाबरोबर गरमच खाल्ली जाते, डब्यात जात नाही.