पीएओ व्हीजी ३२० गिअर ऑइल: एका गाळप हंगामानंतरचा अनुभव

गिअरबॉक्स साखर कारखान्यातल्या ऊस कॅरिअरचा. ३७ किलोवॅटची मोटर, १४८० आरपीएम, तीन टप्प्यांचे हेलिकल गिअर, एकूण रेशो ४०, तेल ४५ लिटर. नोव्हेंबरात त्यात सिंथेटिक पीएओ, म्हणजे पॉलिअल्फाओलेफिन बेसचं, जबर दाबाखाली दात जपणारं ईपी अ‍ॅडिटिव्ह असलेलं व्हीजी ३२० तेल भरलं. मार्चअखेरपर्यंत सुमारे ३,२०० तास चाललं. आधी मिनरल व्हीजी २२० होतं. व्हीजीचा आकडा म्हणजे ४० अंशाला तेलाची विस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, सेंटिस्टोकमध्ये.

तेल बदलण्याचं कारण दातांवर दिसत होतं. शेवटच्या टप्प्याच्या पिनियनवर, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरवर, १९ पैकी ९ दातांना खड्डे पडले होते, एक ते दोन मिलिमीटरचे, आणि सगळे पिच लाइनच्या, म्हणजे दोन दात न घसरता नुसते लोळतात त्या रेषेच्या खाली, दाताच्या मुळाकडे. असे खड्डे पडणं म्हणजे पिटिंग, ते बहुतेक तिथूनच सुरू होतं. पिनियनच्या त्या भागात दात एका दिशेला लोळतो आणि उलट दिशेला घसरतो. त्यामुळे पृष्ठभागावरच्या बारीक तड्याचं तोंड आधी दाबाखाली येतं, आत तेल कोंडतं आणि तडा आतल्या आत वाढत जाऊन धातूचा तुकडा निघतो. हा थकव्याचा प्रकार आहे, त्याला लाखो फेरे लागतात.

पहिल्या टप्प्याच्या पिनियनवरचं दुखणं मात्र वेगळं होतं. तिथे खड्डे नव्हते, दाताच्या टोकाकडे मुळापासून टोकाच्या दिशेने ओढलेले बारीक ओरखडे होते. बोटाचं नख दाताच्या लांबीने आडवं फिरवलं की अडकायचं. पिच लाइनवर मात्र पट्टा गुळगुळीत, कारण तिथे घसरण शून्य असते. हे स्कोअरिंग. वेगात घसरणाऱ्या जागी तापमान क्षणभर उसळतं, तेलाचा थर फाटतो, दोन्ही दात क्षणभर चिकटतात आणि सुटताना धातू ओरबाडला जातो. त्याला थकव्यासारखा वेळ लागत नाही, काही तासांतही होतं. दोन्ही खुणा एकाच गिअरबॉक्समध्ये दिसल्या की तेलाचा थर कमी पडतोय असा संशय आधी घ्यावा.

जुन्या तेलाचा नमुना तपासला तेव्हा ४० अंशाला विस्कॉसिटी १८६ सेंटिस्टोक निघाली. व्हीजी २२० ची खालची मर्यादा १९८ आहे. मागच्या हंगामात टॉप-अपला हातात होतं ते पातळ हायड्रॉलिक तेल, व्हीजी ६८, वापरलं होतं, सहाएक लिटर. ४५ लिटरमध्ये तेवढं ६८ मिसळलं तर हिशेबाने १८५ च्या आसपासच उतरतं, म्हणजे आकडा जुळला. ईपी अ‍ॅडिटिव्हही त्या प्रमाणात पातळ झालं, हे वेगळंच. ‘ऑइल ते ऑइल’ म्हणून डबा ओतणं गिअरबॉक्सला असं महागात पडतं.

पण ६८ मिसळलं नसतं तरी २२० पुरलं असतं का? मिनरल तेलासाठी एक ढोबळ सूत्र कामाला येतं:

```
v   = π × d × n / 60
ν40 = 500 / √v
```

इथे d मीटरमध्ये, n आरपीएम, v म्हणजे पिच लाइनचा वेग मीटर प्रति सेकंद, आणि उत्तर ४० अंशाच्या सेंटिस्टोकमध्ये. पहिली पिनियन ६० मिलिमीटरची, १४८० आरपीएम, वेग साधारण ४.६५. त्यासाठी सुमारे २३० हवं, म्हणजे २२० ठीक. शेवटची पिनियन ११० मिलिमीटरची, फक्त १६० आरपीएम, वेग ०.९२. तिथे उत्तर येतं ५२० च्या घरात, म्हणजे व्हीजी ४६०. वेग कमी असला की दात तेल आत ओढून घेत नाही, थर पातळ राहतो, म्हणून तेल जाड लागतं. तेलाची टाकी एकच असल्यामुळे सगळ्यात हळू फिरणाऱ्या जोडीचं ऐकावं लागतं. खड्डे नेमके तिथेच होते.

मग सरळ मिनरल ४६० का नाही? डिसेंबरात पहाटे मिलच्या उघड्या बाजूला १२ अंश असतं. त्या तापमानाला मिनरल ४६० ची विस्कॉसिटी चार हजारांच्या वर जाते, पीएओ ३२० ची साधारण १,७००. आणि ८० अंशाला, म्हणजे गिअरबॉक्स तापल्यावर, दोन्ही ६० ते ६५ सेंटिस्टोकमध्ये, जवळपास सारखी. विस्कॉसिटी इंडेक्स जास्त, म्हणजे तापमानाबरोबर विस्कॉसिटी कमी बदलते, त्याचा फायदा हा इतका ठोस आहे. जुनं मिश्रण त्याच ८० अंशाला जेमतेम ३१ वर होतं.

विस्कॉसिटी दुप्पट झाली म्हणून थर दुप्पट होत नाही. थर साधारण विस्कॉसिटीच्या ०.७ घातांकाने वाढतो, म्हणजे ६० टक्क्यांच्या आसपास. शिवाय दाबाखाली पीएओ मिनरलइतकं घट्ट होत नाही, म्हणून त्यातून काही वजा करावं. ४० टक्के धरून चाललं तरी फरक मोठा आहे.

आता निकाल. हाउसिंगवर एकाच ठिकाणी खूण करून पूर्ण लोडवर तापमान घेतलं. आधी ७८ ते ८०, नंतर ७४ ते ७५. तेल जाड करूनही तापमान उतरलं, कारण दातांमधलं घर्षण घटलं.

खड्ड्यांचा माग ठेवायला साधी युक्ती वापरली. तपासणीचं झाकण उघडून दात स्वच्छ पुसायचा, त्यावर मऊ शिसपेन्सिल घासायची, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून सोलून काढायची आणि पांढऱ्या कागदावर चिकटवायची. खड्डे पांढरे उमटतात. दाताचा नंबर आणि तारीख लिहिली की महिन्यागणिक तुलना होते. पहिल्या महिन्यात दोन खड्ड्यांच्या कडा थोड्या ढासळल्या. जानेवारीपासूनच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर फरक सांगता येत नाही. बाकीच्या दातांवर नवे खड्डे नाहीत. पहिल्या पिनियनवरचे ओरखडे बोथट झालेत, नख अजून लागतं. तेल खड्डे भरत नाही, वाढ थांबवतं, एवढीच अपेक्षा ठेवावी.

तक्रारी दोन. जुनं नायट्राइल सील पीएओमध्ये थोडं आक्रसतं. इनपुट शाफ्टचं सील दहा दिवसांत पाझरायला लागलं. तेल बदलताना सील नवीनच टाकावं. दुसरी किंमत, आमच्या खरेदीत मिनरलच्या जवळपास तिप्पट.

भरताना जुनं तेल गरम असतानाच सोडावं, म्हणजे तळाची लोखंडाची कीसही निघून येते. पीएओ मिनरलशी जुळतं, म्हणून थोडं उरलं तरी चालतं. पॉलिग्लायकॉलच्या बाबतीत हे अजिबात चालत नाही. लेव्हल गिअरबॉक्स थांबवून, तेल खाली उतरल्यावर काचेच्या मध्यापर्यंतच ठेवावी. जास्त भरलं की फेस येतो आणि तापमान चढतं. गिअरबॉक्सच्या आत उलटं फिरणं अडवणारा बॅकस्टॉप असेल तर ईपी तेलाआधी उत्पादकाला विचारावं, तिथे घसरण झाली तर लोड उलटा फिरतो.

मिल धुताना पाणी आत जातं आणि पाण्याने पिटिंग लवकर येतं. तापलेल्या तव्यावर, साधारण १५० ते १६० अंशाला, तेलाचा थेंब टाकून बघावा. चुरचुरला की पाणी आहे. फेब्रुवारीत असा थेंब चुरचुरला. कारण निघालं हवा आत-बाहेर जाण्याच्या ब्रीदरवर झाकण नसणं. ब्रीदर बदलला, तळातून दोनेक लिटर तेल काढून तेवढंच त्याच ग्रेडचं भरलं. शेवटचा नमुना ४० अंशाला ३१२ आला, आणि टॉप-अपच्या डब्यावर आता गिअरबॉक्सचा नंबर रंगवलेला आहे.