घरच्या बीपी मशीनचा सात महिन्यांचा अनुभव: आकडे जुळत होते, तरी चुकत होते

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाहून ग्रामीण रुग्णालय बरेच लांब असल्यामुळे आईसाठी दंडाला पट्टा बांधण्याचे डिजिटल बीपी मशीन घेतले, त्याला आता सात महिने झाले. मशीन चांगले आहे. परंतु त्याने दाखवलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे समजायला मला, शाळेत विज्ञान शिकवत असूनही, चार महिने लागले.

पहिल्या पंधरवड्यात वरचा आकडा कधी १५६, कधी १३४, तर कधी १४८ येत असे. आई वावरातून आली की लगेच पट्टा बांधायचा, चहा पिता पिता मोजायचे, मध्येच शेजारणीशी बोलणेही चालू, अशी आमची पद्धत होती. कधी वर, कधी खाली, कोणताही ठराविक कल नसलेल्या अशा चुकीला यादृच्छिक त्रुटी म्हणतात. अर्थात या चढउतारात सगळा दोष मोजणीचा नसतो, कारण रक्तदाब स्वतःही क्षणाक्षणाला बदलत असतो.

मग शिस्त लावली. सकाळी गोळी घेण्यापूर्वी, चहा न पिता, पाच मिनिटे शांत बसून, न बोलता, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि दोन्हींची सरासरी वहीत लिहायची. त्यानंतरच्या एका आठवड्याचे आकडे असे होते: १३९, १३७, १४०, १३८, १३७, १३९, १३६. सरासरी १३८. आकडे एकमेकांच्या इतके जवळ पाहून ते खरेच असणार असे मी धरून चाललो, आणि तिथेच माझे चुकले. आकडे एकमेकांशी जुळणे ही परिशुद्धता. ते खऱ्या मूल्याच्या जवळ असणे ही अचूकता. वहीने मला पहिली दाखवली होती, दुसरीविषयी ती काहीच सांगू शकत नव्हती.

घरी मोजलेला वरचा दाब सरासरीने १३५ किंवा अधिक असेल तर तो वाढलेला मानतात. त्यामुळे वही पाहून डॉक्टर गोळीची मात्रा वाढवण्याचा विचार करत होते. पण त्याआधी त्यांनी मशीन सोबत आणायला सांगितले. तिथे सिस्टरने आईला टेबलाशी बसवले आणि म्हणाल्या, "मावशी, हात टेबलावर ठेवा, सैल सोडा." त्याच हातावर त्यांचे आणि आमचे मशीन आलटून पालटून लावले. त्यांचे आकडे १३३, १३१, १३४ आले. आमचे १३५, १३०, १३२. फरक कधी अधिक, कधी उणा, म्हणजे मशीन एका बाजूला झुकलेले नव्हते. आई म्हणाली, "दवाखान्यात कमी अन् घरी जास्त, हे कसं काय बाप्पा?" प्रश्न रास्त होता, कारण दवाखान्यात दडपणाने दाब बहुधा वाढतो.

म्हणजे चूक आमच्या घरच्या बसण्यात होती. आई बाजेवर बसून हात मांडीवर ठेवत असे. टेपने मोजले, तर पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्यापेक्षा ८ सेंटीमीटर खाली होता. हृदयापासून पट्ट्यापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचे वजन त्या मोजणीत मिळत होते. रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि पारा रक्ताहून सुमारे १३ पट जड असल्यामुळे ८० मिलिमीटर रक्त म्हणजे पाऱ्याचे साधारण ६ मिलिमीटर. पडताळण्यासाठी एका सकाळी आलटून पालटून मोजले. हात मांडीवर असताना १३९, १३७, १३८. टेबलावर असताना १३२, १३१, १३३. तिन्ही वेळा फरक एकाच दिशेने, सरासरी ६. हीच पद्धतशीर त्रुटी.

ही त्रुटी सरासरीने जात नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चार मोजण्यांची सरासरी घेतली की यादृच्छिक चढउतार सुमारे निम्म्यावर येतो, पण जास्तीचे ६ तसेच राहतात. शंभर दिवसांची वही भरली असती तरी सरासरी १३८ च्या आसपासच आली असती. ही चूक त्याच आकड्यांकडे पुन्हा पुन्हा पाहून सापडत नाही, त्यासाठी दुसरे माप शेजारी ठेवावे लागते. जुन्या नोंदींतून सरसकट ६ वजा करणेही मी टाळले, कारण हात रोज नेमका तेवढाच खाली होता याची खात्री नव्हती.

मशीन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बीपी मशीनची अचूकता तपासण्याच्या आयएसओ ८१०६०-२ या मानकात मशीन आणि संदर्भ मोजणी यांतला सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या आत आणि त्या फरकांचा पसारा दाखवणारे प्रमाण विचलन ८ च्या आत, अशा दोन वेगळ्या अटी आहेत. त्यामुळे त्यात उत्तीर्ण झालेले मशीनही एखाद्या व्यक्तीबाबत बरेच चुकू शकते. पट्ट्याचे मापही तपासावे. आमचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराचा आहे आणि आईचा दंड २७ चा, म्हणून तो चालला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा दर वेळी वरच येतो.

आता आई खुर्चीवर पाठ टेकून बसते आणि हाताखाली शाळेचे जुने बाक व त्यावर घडी केलेली गोधडी असते. मागील महिन्याची सरासरी १३२ आली. डॉक्टरांनी गोळी आहे तीच ठेवली आणि मशीन पुन्हा सहा महिन्यांनी घेऊन यायला सांगितले आहे.