चार टक्के क्लिक आणि आठ टक्के कन्व्हर्जन ऐकून दीडशे शाली मागवल्या

आमचं छत्रपती संभाजीनगरात हिमरू शालींचं छोटं दुकान आहे. शाल 1200 रुपयांची, पदरात पडतात 350. जाहिराती चालवून देणारा एक जण दुकानात आला आणि दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीच्या आकड्यांचा मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणाला, "ताई, सीटीआर चार टक्के, कन्व्हर्जन आठ टक्के. जाहिरात लाखवेळा दिसली की चार हजार क्लिक, म्हणजे 320 ऑर्डरी." मी 20,000 रुपये दिले. हात राखून निम्म्याच, दीडशे शाली विणायला टाकल्या, त्याही उधारीवर.

महिन्यात जाहिरात लाखवेळा दिसली. ऑर्डरी आल्या 14.

तो म्हणाला, "टक्केवारी सांगितली तेवढीच आली." जाहिरातीचं खातं त्याच्याच ताब्यात होतं, पण भाच्याने तगादा लावून बघण्याची परवानगी मिळवली आणि माझ्या शेजारी बसून एकेक रकाना उघडला. "मावशी, हे चार टक्के `CTR (all)` आहेत. फोटो मोठा करून बघितला, लाइक केलं, 'आणखी वाचा' दाबलं, तरी यात धरतात. दुकानाच्या लिंकवर आलेले क्लिक `Link clicks` मध्ये असतात." तिथे होते 1000, म्हणजे एक टक्का. त्यातल्या 700 जणांसमोर पान खरोखर उघडलं, बाकीचे उघडायच्या आधीच परत फिरले. त्या 700 पैकी 56 जणांनी शाल कार्टमध्ये टाकली. हेच ते आठ टक्के! कार्टात टाकणं म्हणजेच कन्व्हर्जन, असं त्याने खात्यात ठरवून ठेवलं होतं. पैसे भरले त्या 56 पैकी 14 जणांनी.

हे टक्के एकापुढे एक गुणायचे असतात आणि प्रत्येक टक्का त्याच्या आधीच्या पायरीवर उरलेल्यांचा असतो. एक टक्का, त्याचे 70 टक्के, त्याचे आठ, त्याचे पंचवीस: लाखात 14. त्याने वरून फुगवलेले चार टक्के घेतले, मधलं पान उघडणं गाळलं आणि शेवटची पैसे भरायची पायरीच खाऊन टाकली. म्हणून 14 चे 320 झाले. त्याने सांगितलेले चार आणि आठ टक्के कागदावर खरे होते, म्हणून भांडायला गेले तरी माझ्या हाती काही लागेना.

पैसे देण्याआधी मी एवढा हिशेब करायला हवा होता: 20,000 भागिले 350, म्हणजे खर्च निघायलाच 58 ऑर्डरी लागतात. आणि विचारायला हवं होतं, "हे आठ टक्के कशाचे? कशाला तुम्ही कन्व्हर्जन म्हणता?" दुसऱ्याच्या फोटोवर न जाता, 2000 रुपयांची जाहिरात आपल्याच खात्यावरून आधी चालवून बघा आणि शेवटच्या पायरीला `Purchases` चा आकडा मोजा.

42 जण कार्टातून का गेले, तेही नंतर कळलं. कुरिअरचे 120 रुपये आम्ही अगदी शेवटच्या पानावर दाखवत होतो. ते आता शालीच्या किमतीशेजारीच लिहिलेत. घरातल्या दिवाणाखाली अजून 136 शाली डांबरगोळ्या घालून ठेवल्यात, आणि विणकराचे पैसे हप्त्याने फेडतेय.