वाढे, कडबा की मळी: गाईला काय आणि किती?

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्त होतात. हिरवे असल्याने गाय आवडीने खाते आणि पुढचे चार महिने गोठ्यात दुसरे काहीच येत नाही. इथेच चूक होते.

वाढ्यात ऑक्झलेट असते. ते पोटातल्या कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. त्रास एका दिवसात दिसत नाही. आधी दूध उतरते, मग गाय माजावर नीट येत नाही, आणि व्यायल्यावर थंड पडून बसली की दुग्धज्वर लक्षात येतो. बैलांना मूतखड्याचा धोकाही असतो. प्रथिने तर वाढ्यात जेमतेमच. म्हणून मोठ्या गाईला दिवसाला १५ किलोच्या पुढे मी जाणार नाही, आणि सोबत ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवणार नाही. गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत वाढे आणखी कमी करावेत.

ज्वारीच्या कडब्यात हा धोका नाही. तो पोट भरतो, रवंथ चालू ठेवतो, पण दूध वाढवत नाही. गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा त्याहून निकस. त्यावर युरिया प्रक्रिया करता येते. १०० किलो काडाला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून हवाबंद झाकायचे आणि २१ दिवसांनी उघडायचे. वापरायचे तेवढे काढून काही तास पसरून ठेवले की उग्र वास जातो. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे देऊ नये. युरियाचे खडे राहिले किंवा गाय युरियाचे पाणी प्यायली तर अर्ध्या तासात लाळ, थरथर, पोटफुगी दिसते. तेव्हा डॉक्टरांना लगेच बोलवा.

मळी म्हणजे साखर काढल्यावर उरलेला घट्ट काळा पाक. ती वैरण नव्हे, वैरणीला चव आणि ताकद देणारी जोड आहे. दिवसाला अर्धा किलो पाण्यात कालवून कोरड्या कडब्यावर शिंपडली तरी गाय ताटे मागे टाकत नाही. खूप झाली की शेण पातळ होते. क्युबात मळीवरच बैल पोसले, तेव्हा चाऱ्याच्या कमतरतेने त्यांच्या मेंदूवर परिणाम झालेला दिसला. घेताना एक विचारा: काही ठिकाणी प्रेसमडलाही, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळालाही, मळीच म्हणतात, आणि ते शेतात टाकायचे खत आहे.

४०० किलोच्या, दिवसाला १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईसाठी मी असे मांडेन: १५ किलो वाढे, ४ किलो कुट्टी केलेला कडबा, ५ किलो लसूणघास, ४ किलो पशुखाद्य, खनिज मिश्रण आणि कडब्यावर अर्धा किलो मळी. लसूणघास नसेल तर पेंड वाढवा, वाढे नको. आणि बदल करायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.