पाण्याची धार बारीक झाली म्हणून यूव्ही दिवा बदलून घेणाऱ्यांसाठी : माझे 6,949 रुपये कसे गेले

घरच्या प्युरिफायरच्या दुरुस्तीच्या नावाखाली माझ्याकडून 6,949 रुपये उकळले गेले. त्याच भामट्याने आमच्याच यंत्रातला जंतू मारणारा चालू यूव्ही दिवा काढून नेला आणि त्याच्या जागी कोणाच्या तरी घरातून काढलेला, वापरून झिजलेला दिवा बसवून दिला. हे सगळे लिहिताना मला लाज वाटते, पण कोल्हापुरातल्या प्रतिभानगर आणि राजारामपुरी भागात हाच माणूस अजून फिरत असल्याचे कानावर आल्यामुळे गप्प बसणे मला पटत नाही.

जुलैमध्ये पंचगंगा पात्राबाहेर आली की आपल्याकडे नळाला गढूळ, तांबूस झाक असलेले पाणी येते आणि त्याला क्लोरिनचा वासही नेहमीपेक्षा उग्र असतो, हे कोल्हापुरात नव्याने सांगायला नको. त्याच सुमारास आमच्या प्युरिफायरची धार इतकी बारीक झाली की एक तांब्या भरायला मिनिटभर उभे राहावे लागे, आणि पाण्याला औषधासारखी चव येऊ लागली. सासूबाई नुकत्याच टायफॉइडमधून उठल्या होत्या, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत थांबण्याची माझी तयारी नव्हती. कंपनीचे नाव टाकून मोबाइलवर सेवाकेंद्राचा क्रमांक शोधला, पहिलाच जो दिसला त्यावर फोन केला, आणि पुढचे सगळे तुमच्या ओळखीचेच आहे: फोन उचलणाऱ्याने कंपनीचेच नाव घेतले, नोंदणी क्रमांक दिला आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण दारात उभा राहिला.

त्याने झाकण उघडले, आत डोकावल्यासारखे केले आणि म्हणाला, "काकू, दिवा गेलाय बघा. म्हणून तर पाणी कमी येतंय आन् चव बिघडलीय. असलं पाणी आजारी माणसाला देऊ नका." हे वाक्य खोटे आहे हे ओळखायला लागणारी प्रत्येक गोष्ट त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि तेच मला अजून सलते. आमचे यंत्र दिवा गेला की आपोआप पाणी बंद करते आणि तांबडा दिवा दाखवते. आतल्या झडपेला ती सूचना मिळाली की एक थेंबही बाहेर येत नाही. आमच्याकडे बारीक का होईना, धार येत होती आणि हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे निदान दिवा बंद पडलेला नव्हता, हे यंत्र स्वतःच सांगत होते. पण समोरचा माणूस आजारी सासूबाईंचे नाव घेऊन बोलत असताना हिरव्या दिव्याचा अर्थ लावत कोण बसते? विक्रीच्या वेळी किंवा माहितीपुस्तिकेत हे कोणी ठळकपणे सांगत असते, तर माझ्यासारखीच्या तोंडून लगेच प्रश्न आला असता.

आता मला जे समजले आहे, ते नीट सांगते, कारण हा सगळा धंदा आपल्या अज्ञानावर चालतो. अशा यंत्रात पाणी आधी गाळाच्या फिल्टरमधून जाते. तो बहुधा 5 मायक्रॉनचा, पांढऱ्या तंतूंचा गुंडाळलेला नळकांडा असतो आणि माती, गंज, शेवाळ अडवतो. त्यानंतर कार्बनचा फिल्टर क्लोरिन आणि वास शोषतो. सगळ्यात शेवटी पाणी एका काचेच्या नळीभोवतून जाते, त्या नळीच्या आत यूव्ही दिवा असतो आणि त्याचे 254 नॅनोमीटरचे किरण जंतूंना निकामी करतात. हे किरण पाण्यात काही मिसळत नाहीत आणि पाण्यातून काही काढूनही घेत नाहीत. त्यामुळे दिवा नवा असो वा जुना, त्याने पाण्याची चव बदलत नाही. धारेशीही त्याचा संबंध नाही. दिवा गेल्यामुळे यंत्राने पाणी अजिबात थांबवले तर गोष्ट वेगळी, पण त्यामुळे धार बारीक होत नाही. धार बारीक होणे हे जवळजवळ नेहमी गाळाचा फिल्टर तुंबल्याचे लक्षण असते, आणि क्लोरिनची किंवा मातकट चव येणे हे कार्बन संपल्याचे. त्या तरुणाने कार्बनला हातही लावला नाही.

बिल असे होते: यूव्ही दिवा 1,650, चोक 1,100, काचेची नळी 750, गाळाचा फिल्टर 600 आणि भेटीचे शुल्क 350, म्हणजे 4,450, आणि वर वर्षभराच्या देखभालीचा करार 2,499. पैसे यूपीआयने घेतले आणि समोर कंपनीचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. मी विचारले तेव्हा "साहेबांचं खातं आहे" असे उत्तर मिळाले. खात्यावर कंपनीचे नाव नसेल तर पैसे देऊच नका, मग समोरचा कितीही घाई करो. जुने सुटे भाग त्याने "कंपनीला परत द्यावे लागतात" म्हणून पिशवीत भरून नेले. खरे तर ते आपण विकत घेतलेले असतात. दिवा आणि फिल्टर घरातच ठेवायला सांगा, कारण तक्रारीच्या वेळी तोच मोठा पुरावा असतो.

तो गेल्यावर धार एकदम मोठी झाली, त्यामुळे काम चोख झाले असेच कोणालाही वाटले असते. क्लोरिनची चव मात्र तशीच राहिली. त्यावर फोनवर उत्तर मिळाले, "नवा दिवा आहे, चार दिवस वास येतोच." दिव्याने वास येऊ शकत नाही हे तेव्हा माहीत असते, तर चोरी तिथेच उघडी पडली असती.

ती उघडी पडली गाळामुळे. वरच्या टाकीच्या तळाशी तांबडी माती साचलेली असताना पारदर्शक डब्यातला नवा फिल्टर मात्र कित्येक दिवस बर्फासारखा पांढरा राहिला. माझे दीर म्हणाले, "वहिनी, एवढ्या गढूळ पाण्यात फिल्टर पांढरा कसा?" तो पांढरा होता, कारण पाणी त्याच्यातून जातच नव्हते. लक्ष्मीपुरीतून ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले, तेव्हा फिल्टर डब्याच्या मापापेक्षा आखूड निघाला आणि वरचा रबरी वॉशर जागेवर नव्हता; पाणी बाजूच्या फटीतून गाळासकट पुढे सरकत होते आणि म्हणूनच धार मोठी होती. फिल्टर बदलल्यावर पावसाळ्यात तो हळूहळू तांबूस झालाच पाहिजे, आणि काढल्यावर सुरीने आडवा कापला की माती बाहेरून आतपर्यंत किती मुरली तेही दिसते. मध्यापर्यंत तांबडा झाला असेल तर तो संपला. कोल्हापुरात पावसाळ्यात तो दोन-तीन महिन्यांतच भरू शकतो, उन्हाळ्यात जास्त टिकतो; कॅलेंडरपेक्षा धार आणि रंग पाहा.

मग मिस्त्रींनी वीज बंद करून दिवा काढला. दोन्ही टोकांना काच काळपट पडलेली होती, म्हणजे तो पुष्कळ जळलेला दिवा होता, आणि त्यावरचा छाप घासून टाकलेला होता. 750 रुपये लावलेली काचेची नळी तर बदललेलीच नव्हती. तिच्यावर क्षाराचा पांढरा थर होता, आणि त्या थरातून किरण पाण्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत. आमचा मूळ दिवा आदल्या दिवाळीत बसवलेला होता आणि तो फक्त पाणी घेतानाच पेटतो. असे दिवे साधारण 8,000 ते 9,000 तास काम देतात. सतत पेटत राहिले तर ते एक वर्ष होते. म्हणजे माझा दिवा संपण्याचे काही कारण नव्हते आणि तोच आता कोणाच्या तरी घरी "नवा" म्हणून विकला गेला असणार.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण त्यातच खरा धोका आहे. दिव्याचा निळसर प्रकाश दिसतो म्हणजे जंतू मरतात असे नाही. जे किरण काम करतात ते डोळ्यांना दिसतच नाहीत. दिवा जुना झाला की ते कमी होतात, पण निळा उजेड तसाच दिसतो, आणि बऱ्याच घरगुती यंत्रांची सूचना दिवा पेटला आहे की नाही एवढेच सांगते, तो पुरेसा जोरदार आहे का हे सांगत नाही. म्हणून दिव्यावर बसवल्याची तारीख स्वतः लिहा. पेटलेला दिवा उघडा करून पाहू नका, डोळ्यांना इजा होते. आणि गाळ पुढे गेला तर मातीच्या कणांआड जंतू लपतात, मग नवा दिवासुद्धा पुरा पडत नाही. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या. आम्ही ज्या क्लोरिनच्या वासाला कंटाळलो होतो, तोच त्या दिवसांत आमच्या पाण्याचा एकमेव राखणदार होता. त्या माणसाने कार्बन नवा घातला असता तर तोही निघून गेला असता आणि सासूबाईंना मी खात्रीने उघडे पाणी पाजले असते. या विचाराने माझा संताप अजून शमत नाही.

मिस्त्रींनी 11 वॅटचा दिवा 420 रुपयांना, योग्य मापाचा गाळाचा फिल्टर 130 ला, कार्बन 350 ला आणून बसवला, नळी काढून लिंबाच्या रसाने पुसली (घासणीने नव्हे, ओरखडे पडतात), आणि मजुरी 200 घेतली. एकूण 1,100 रुपये. कार्बन नवा असताना पहिले काही लिटर पाणी काळपट येते, ते सोडून द्यावे; त्यानंतर चवही गेली आणि धारही योग्य झाली.

तक्रारीचा अनुभव त्याहून कडू आहे. कंपनीच्या खऱ्या सेवाकेंद्राने, जो क्रमांक बिलाच्या जुन्या पाकिटावर होता, "तो आमचा माणूस नाही" एवढे सांगून फोन ठेवला; आपल्या नावाने खोटे क्रमांक फिरतात याची त्यांना माहिती आहे, तरी त्याबद्दल काही करण्याची जबाबदारी आपली आहे असे त्यांना वाटत नाही. पोलीस ठाण्यात "तुम्ही स्वतः पैसे दिलेत, सामान मिळालं, मग फसवणूक कुठली" असे ऐकवले गेले आणि मला सायबरच्या टेबलाकडे पाठवले. सायबरच्या टेबलावर "हा सायबरचा विषय नाही, माणूस घरी आला होता" असे सांगून परत पोलीस ठाण्याकडे बोट दाखवले. झिजलेला दिवा मी टेबलावर ठेवला, टोके दाखवली, तेव्हा "आम्हाला यातलं काय कळणार" हे उत्तर मिळाले. माझी माहिती लिहून घ्यायला, निदान पोच द्यायलाही कोणाला वेळ नव्हता. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीवर जीएसटी क्रमांक आणि पत्ता असलेले बिल मागितले, जे नसणे हीच मुळी माझी तक्रार होती. तुमच्या हाती असे बिल नसेल तर खात्यातून पैसे गेल्याचा तपशील आणि भागांची छायाचित्रे जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेल्याचे लक्षात आल्यावर 1930 या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ फोन करा, कारण पैसे अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच असते. मला फसवणूक कळली तेव्हा ती वेळ निघून गेली होती.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि घटनेपासून 2 वर्षांची मुदत आहे. समोरच्याचे खरे नाव मिळाले की मी तेच करणार आहे. काळपट टोकांचा तो दिवा आणि आखूड फिल्टर मी जपून ठेवला आहे. तुमच्याकडेही "दिवा गेल्यामुळे धार कमी झाली" असे सांगून कोणी काम केले असेल, तर वीज बंद करून दिव्याची टोके पाहा, फिल्टर किती पांढरा राहिला आहे ते पाहा, आणि बिलाचा फोटो मला पाठवा; दोन-तीन घरांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर पोलीस ठाण्यात त्यांना नोंद करणे टाळता येणार नाही.