खुर्चीत ‘गॅस भरून’ देणाऱ्यांपासून जपा

अमळनेरला माझं टॅक्सच्या कामाचं ऑफिस आहे. रिटर्नच्या ऐन गर्दीत खुर्ची बसायला लागली. सकाळी टेबलाच्या बरोबरीला असायची, तासाभरात हनुवटी टेबलाला टेकायच्या बेतात. खुर्च्या दुरुस्त करणारा एक जण गल्लीत यायचा, त्याच्याकडे दिली. संध्याकाळी परत आणून त्याने ९०० रुपये घेतले. वर ऐकवलं, “गॅस भरी दिधा भाऊ, आते पाच वरीस चिंता नही.”

खुर्ची खाली जायची थांबली खरी, पण खटका ओढला तरी वर-खाली होईना. त्याचं उत्तर तयार होतं: गॅस नवीन आहे, मोकळा व्हायला वेळ लागतो. मला काही पटेना. सीटखालचं प्लास्टिकचं कव्हर सरकवून पाहिलं, तर चकचकीत नळीवर पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला तुकडा चढवलेला, वरून काळी टेप. सीट त्या पाइपावर टेकली होती. गॅसचा काही संबंधच नव्हता.

ती चकचकीत नळी म्हणजे खुर्ची वर-खाली करणारा सिलिंडर, आणि मुळात त्यात गॅस भरताच येत नाही. दाबाखालचा नायट्रोजन कारखान्यातच भरून तो सीलबंद करतात, भरायला तोंडच नसतं. आतलं सील झिजलं की वजनाने खुर्ची हळूहळू खाली येते आणि तेव्हा सिलिंडर बदलणं एवढाच उपाय. मात्र आधी एक बघा: खटक्याची पट्टी वाकून सिलिंडरच्या डोक्यावरचं बटण सतत दाबलेलं तर नाही ना? तसं असेल तर सिलिंडर चांगला आहे, पट्टी सरळ केली की झालं.

मी नवीन सिलिंडर आणून घरीच बसवला. बहुतेक ऑफिस खुर्च्यांत खालची जाड नळी ५० मिमी आणि वरची बारीक नळी २८ मिमी असते. तरी जुना मोजूनच घ्या, पूर्ण वर आल्यावरची लांबीसुद्धा. यात स्क्रू नसतो. दोन्ही टोकं निमुळती असतात आणि वजनानेच घट्ट रुततात, म्हणून काढतानाच घाम निघतो. खुर्ची उलटी करून पायाच्या बाजूने सिलिंडरच्या कडेवर हातोडीचे ठोके दिले. मधल्या पिनवर मारू नका. नायलॉनचा पाया असेल तर घाव त्याच्यावर पडू देऊ नका, तडकतो. सीटकडचं टोक पाइप पान्याने नळी धरून फिरवलं, तेव्हा सुटलं. नव्याच्या डोक्यावरची टोपी काढायची, निमुळत्या भागाला ग्रीस अजिबात लावायचं नाही, कव्हर चढवायचं आणि वर सीट ठेवून जोरात बसायचं.

जुना सिलिंडर तापवू, कापू किंवा भोकं पाडू नका, आत दाब शिल्लक असतो. दुसऱ्याकडून बदलून घेत असाल तर पैसे देण्याआधी जुना हातात मागा, आणि खुर्चीवर बसून खटका ओढा. खाली गेली नाही, तर कव्हर उचलून बघा.